बॅटरी तापली की प्लग तापला?

मे महिन्यात गाडी रात्रभर चार्जिंगला लावली आणि सकाळी अर्धीच भरलेली दिसली, की नागपुरात एकच निदान ऐकू येतं: "ऊन बघा ना किती आहे, बॅटरी तापली असणार." सर्व्हिस सेंटरमध्येही हेच सांगून परत पाठवतात. मला याचा खरंच राग येतो. घरच्या १५ अँपिअरच्या चार्जिंगमध्ये हे निदान बहुतेक वेळा चुकतं, आणि खरं दुखणं भिंतीतल्या सॉकेटमध्ये तसंच राहतं.

बॅटरी तापण्याचा अनुभव तुम्हाला असेलच. समृद्धीवरून भर दुपारी येऊन फास्ट चार्जरला लावलं, की सुरुवातीला ४५ किलोवॅट दिसतात आणि मग आकडा उतरत जातो. गाडीच करंट कमी मागत असते. चार्जिंग मंदावतं, पण सहसा चालू राहतं. दर वेळी नेमक्या ८० टक्क्यांवर थांबत असेल, तर आधी ॲपमध्ये लावलेली मर्यादा बघा. तो बिघाड नाही.

आता घरचं घ्या. ३० युनिटची बॅटरी ३.३ किलोवॅटने भरायला दहाएक तास लागतात. इतक्या सावकाश भरताना बॅटरीत जी थोडी उष्णता तयार होते, ती दोन-अडीचशे किलोंच्या वस्तुमानात पसरते. त्यामुळे ती तापून चार्जिंग थांबणं जवळजवळ होतच नाही. याउलट सॉकेटचा एक स्क्रू ढिला असेल आणि तिथे फक्त ०.१ ओहम रोध आला, तर १५ अँपिअरला त्या एका ठिकाणी साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. मोबाइल दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचं असतं. म्हणजे जवळपास ते आयर्नच तुमच्या सॉकेटमध्ये तासन् तास चालू राहतं. बऱ्याच पोर्टेबल चार्जरच्या प्लगमध्ये तापमानाचा सेन्सर असतो, तो हे ओळखून चार्जिंग तोडतो.

मग गाडीच्या स्क्रीनवर कारण का दिसत नाही? कारण घरच्या चार्जिंगमध्ये गाडी आणि चार्जर यांचं बोलणं फार तोकडं असतं. कंट्रोल पायलट नावाच्या एका तारेवरून चार्जर फक्त "इतके अँपिअर घेऊ शकतोस" एवढंच सांगतो, आणि गाडी "जोडलेली आहे" किंवा "तयार आहे" एवढंच कळवते. प्लग तापला की चार्जर तो सिग्नल काढून घेतो. गाडीला फक्त परवानगी गेल्याचं कळतं, म्हणून ती "चार्जिंग थांबले" एवढंच दाखवते. मालक गाडीचा स्क्रीन बघतो आणि दोष गाडीवर येतो. कारण हवं असेल तर चार्जरच्या डब्यावरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि मॅन्युअलमध्ये बघा.

माझ्या मेहुण्याची गाडी एका रात्री ३४ टक्क्यांवर लावली, ती ४९ वर थांबली. दुसऱ्या रात्री ५८ वर लावली, ती ७३ वर. त्याला वाटलं बॅटरीच खराब झाली. मी त्याला टक्के सोडून मिनिटं बघायला सांगितलं. दोन्ही वेळा चार्जिंग साधारण दीड तासाने थांबलं होतं. बॅटरीत किती भरलंय याच्याशी त्याचा संबंधच नव्हता. प्लगला तापायला तेवढा वेळ लागत होता.

मग गाडीच्या सेटिंगमधून करंट १५ वरून १० अँपिअर केला. करंट दोन-तृतीयांश झाला की सांध्यातली उष्णता निम्म्याहूनही कमी होते. त्या रात्री चार्जिंग सकाळपर्यंत चाललं. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. मात्र तो उपाय नव्हे, नुसती तपासणी आहे.

एमसीबी पाडून वायरमनने सॉकेट उघडलं, तर न्यूट्रलच्या टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं आणि वायरचे निम्मे धागे स्क्रूच्या बाहेर होते. तो म्हणाला, "स्क्रू आवळून देतो." मी नको म्हटलं. एकदा भाजलेल्या पत्तीची पकड गेलेली असते, ती आवळून परत येत नाही. आम्ही निळं औद्योगिक सॉकेट बसवलं, मीटरजवळून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर ओढली, वायरच्या टोकाला लग, म्हणजे सगळे धागे एकत्र धरणारी धातूची टोपी, दाबून घेतला, आणि वेगळा एमसीबी व विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी लावला. एक्स्टेंशन बोर्ड तर चार्जिंगला कधीच लावू नका. तो आणखी दोन सांधे वाढवतो.

नव्या सॉकेटवर पहिल्या रात्री दर तासाला प्लगच्या बाहेरून हात लावून पाहिला. पहाटे चारला तो कोमट होता, आणि गाडी ९१ टक्क्यांवर.