वाढीव वॉरंटीचा पैसा: हिशोबात कधी उतरतो?

«वाढीव वॉरंटी विकली की तिचे पूर्ण पैसे त्याच दिवशी दुकानाचा नफा, दुरुस्ती आली तर पुढचं पुढे. असंच ना?»

नाही. पैसे गल्ल्यात त्या दिवशी येतात, पण उत्पन्न म्हणून नाही. आयएफआरएस १५ या उत्पन्न-नोंदीच्या आंतरराष्ट्रीय हिशोब-मानकानुसार वेगळी विकलेली वॉरंटी ही स्वतंत्र सेवा आहे. ती देईपर्यंत ती रक्कम देणं म्हणून ताळेबंदात बसते.

समजा, उत्पादकाची वॉरंटी एक वर्षाची आहे आणि पुढच्या दोन वर्षांच्या संरक्षणासाठी ग्राहकाने २,४०० भरले. पहिल्या वर्षी उत्पन्न शून्य, कारण दुरुस्ती उत्पादकाच्याच खर्चाने होते. तेराव्या महिन्यापासून दरमहा १०० उत्पन्नात येतात. विसाव्या महिन्यात ७०० ची दुरुस्ती निघाली, तर तो खर्च त्याच महिन्यात पडतो. तो महिना तोट्याचा दिसतो, पण त्यात चूक काहीच नाही. गोंधळ होतो तो उत्पादकाच्या मूळ वॉरंटीमुळे: तिथे अपेक्षित खर्चाची तरतूद विक्रीच्या वेळीच करतात, इथे नाही.

समान हप्ते हा मात्र अटळ नियम नव्हे. जुन्या नोंदींवरून तिसऱ्या वर्षी दुप्पट बिघाड दिसत असतील, तर ८०० आणि १,६०० अशी विभागणी जास्त खरी.

समज जवळपास खरा ठरतो तो एकाच ठिकाणी. दुकान दुसऱ्या कंपनीची वॉरंटी फक्त विकून देत असेल आणि दुरुस्तीची जबाबदारी त्या कंपनीची असेल, तर दुकानाचं कमिशन साधारणपणे विक्रीच्या वेळीच उत्पन्न होतं.