वीस हर्ट्झचा ठोका: फिन व्हेलची हाक आणि जहाजांचा गोंगाट

१९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाने अटलांटिकच्या तळाशी हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, टाकायला सुरुवात केली. ऐकायच्या होत्या सोव्हिएत पाणबुड्या. केबलमधून किनाऱ्यावर आलेला आवाज कागदाच्या पट्टीवर उमटे आणि समोर बसलेला माणूस त्यात इंजिनाची खूण शोधत राही. त्या कागदावर एक भलतीच खूण वारंवार दिसू लागली. २० हर्ट्झच्या आसपास एक ठोका, जेमतेम सेकंदभराचा. मग काही सेकंद काहीच नाही. मग पुन्हा तसाच ठोका. हे तासन्‌तास चाले.

२० हर्ट्झ ही माणसाच्या कानाची खालची हद्द. त्यामुळे हा आवाज ऐकून ओळखायची सोयच नव्हती. टेप जोरात फिरवली तरच तो कानाला पकडता येई. ठोका इतका ठरावीक अंतराने येई, की सजीव प्राण्यापेक्षा यंत्राचाच संशय जास्त. शत्रूचे काही नवे उपकरण असेल, दूर किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटा असतील, एखाद्या प्रचंड प्राण्याच्या हृदयाचे ठोके असतील, असे तर्क लढवले गेले. हृदयाचा तर्क आज हास्यास्पद वाटतो. पण देवमासा असा एकसुरी आवाज काढत असेल, ही कल्पना त्या वेळी तितकीच विचित्र होती.

उलगडा १९६४ मध्ये झाला. अमेरिकेतल्या वुड्स होल या सागरसंशोधन संस्थेचे विल्यम शेव्हिल, विल्यम वॉटकिन्स आणि रिचर्ड बॅकस यांनी हा ठोका फिन व्हेल या प्रचंड देवमाशाचा असल्याचे दाखवून दिले. एक दुवा ठोक्यांमधल्या मोठ्या खंडांत होता. पंधराएक मिनिटे ठोके पडत, मग काही मिनिटे शांतता, मग पुन्हा माळ सुरू. यंत्राला अशी विश्रांती लागत नाही. फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या आणि त्यासाठी वर यावे लागणाऱ्या प्राण्याला लागते. पुढे २००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या फिन व्हेलच्या त्वचेचे नमुने तपासले गेले, तेव्हा ठोके देणारे सगळे नर निघाले. नियमित क्रमाने येणाऱ्या या ठोक्यांना संशोधक 'गाणे' म्हणतात. हम्पबॅक जातीच्या देवमाशाच्या वळणदार गाण्यापुढे ते अगदीच रुक्ष आहे; पण रुक्ष आहे म्हणूनच ते दूर जाते.

पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, त्यामुळे २० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी भरते ७५ मीटर. इतकी लांब लहर पाण्यात फारशी शोषली जात नाही. उच्च स्वर काही किलोमीटरांत विरतो. हा ठोका शेकडो किलोमीटर गेला तरी शोषणामुळे त्याचे फारसे काही बिघडत नाही. तो क्षीण होतो तो मुख्यतः पसरल्यामुळे. त्या पसरण्यालाही समुद्र स्वतःच आवर घालतो.

हे नौदलाला आधीच ठाऊक होते. १९४४ मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ मॉरिस यूइंग आणि त्यांचे सहकारी लमार वर्झेल यांनी बहामा बेटांजवळ एक हायड्रोफोन खोल सोडला आणि दूर गेलेल्या दुसऱ्या जहाजावरून छोटे स्फोट घडवले. तब्बल ९०० मैलांवरचा स्फोट स्पष्ट ऐकू आला. खाली जावे तसे पाणी थंड होते, म्हणून ध्वनीचा वेग घटतो. आणखी खाली दाब वाढतो, म्हणून वेग पुन्हा वाढतो. मधे, समशीतोष्ण समुद्रांत साधारण एक किलोमीटर खोलीवर, सर्वांत कमी वेगाचा थर तयार होतो. ध्वनीची दिशा नेहमी कमी वेगाकडे वळते. त्यामुळे वर निघालेला आवाज खाली वाकतो, खाली निघालेला वर येतो आणि पृष्ठभागाला किंवा तळाला न आपटता तो त्या थरातच खेळत पुढे जातो. याला सोफार वाहिनी म्हणतात. तिच्यातून आलेल्या स्फोटाचा आवाज मजेशीर असतो. तो हळूहळू चढत जातो आणि ऐन टिपेला कापल्यासारखा थांबतो. कारण मधोमध सरळ येणारा ध्वनी सगळ्यांत जोरकस, पण सगळ्यांत मंद, म्हणून शेवटी पोचणारा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. देवमासे गाण्यासाठी एक किलोमीटर खाली जात नाहीत. फिन व्हेल पृष्ठभागापासून काही डझन मीटरांतच गातो. मग त्याचा आवाज वाहिनीत शिरतो कसा? ध्रुवांकडे वरचे पाणीच थंड असल्याने वाहिनी पृष्ठभागापर्यंत वर येते. शिवाय भूखंडांच्या कडेला समुद्रतळाचा जो उतार असतो, त्यावर आपटून आवाज तिरका खोल समुद्रात ढकलला जातो. ही दोन दारे लक्षात ठेवायला हवीत, कारण जहाजांचा आवाजही याच दारांनी आत येतो.

१९७१ मध्ये रॉजर पेन आणि डग्लस वेब या संशोधकांनी या सगळ्याचा हिशेब मांडला. ठोका किती मोठा, वाटेत किती उतरतो आणि समुद्रातला बाकीचा गोंगाट किती, हे घेऊन त्यांनी काढले की प्रोपेलरची जहाजे येण्यापूर्वीच्या शांत समुद्रात फिन व्हेलची हाक अनुकूल परिस्थितीत हजारो किलोमीटर पोचू शकली असती. तेव्हा अनेकांना हे अतिरंजित वाटले. शीतयुद्ध संपल्यावर नौदलाने आपले जाळे संशोधकांना खुले केले, तेव्हा देवमाशांच्या आवाजांचे अभ्यासक ख्रिस्तोफर क्लार्क यांनी एका ब्लू व्हेलचा केवळ आवाजावरून ४३ दिवस माग काढला. आवाज दूर जातो, हा मुद्दा तिथे मिटला. अर्थात नौदलाच्या हायड्रोफोनना ऐकू आले, म्हणजे दुसऱ्या देवमाशालाही ऐकू आले असे नव्हे. हायड्रोफोनच्या लांबच लांब रांगा आणि कानांची एक जोडी यांत फरक आहे, आणि हा फरक बातम्यांत हमखास गळतो.

पेन आणि वेब यांच्या हिशेबातली खरी ग्यानबाची मेख 'प्रोपेलरपूर्वी' या शब्दात आहे. प्रोपेलर वेगाने फिरला की पात्यांच्या मागे दाब इतका उतरतो, की थंड पाण्याची तिथेच वाफ होऊन बुडबुडे होतात. पुढच्या क्षणी दाब वाढला की ते मिटतात आणि मिटताना कडकडतात. एकेका बुडबुड्याचा आवाज तीक्ष्ण असतो. पण पाते फिरेल तसे हे सारे तालात घडते, आणि त्या तालाची वारंवारता मोठ्या मालवाहू जहाजांत दहा-वीस हर्ट्झपासून सुरू होते. म्हणजे अगदी फिन व्हेलच्या सुरात.

गोंगाट वाढला किती, याचे उत्तम मोजमाप कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटाच्या पश्चिमेला आहे. १९६४ ते १९६६ दरम्यान तिथे नौदलाच्या हायड्रोफोनने नोंदी झाल्या होत्या. मार्क मॅक्डॉनल्ड, जॉन हिल्डेब्रँड आणि शॉन विगिन्स यांनी २००३-०४ मध्ये त्याच जागी पुन्हा मोजले. ३० ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात पार्श्वभूमीचा आवाज १० ते १२ डेसिबल वाढलेला निघाला. याच काळात जगातली व्यापारी जहाजे साधारण दुप्पट झाली होती. जहाजे दुप्पट झाली तर ध्वनीची शक्ती दुप्पट, म्हणजे वाढ फक्त ३ डेसिबलची. उरलेल्या वाढीमागे प्रत्येक जहाज पूर्वीपेक्षा मोठे, जास्त ताकदीचे आणि जास्त दिवस समुद्रात असणे, अशी कारणे धरावी लागतात.

१० डेसिबल म्हणजे शक्ती दहापट. देवमाशाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते एका सोप्या गणिताने बघू. समजा शांत समुद्रात हाक १०० किलोमीटरवर जेमतेम ऐकू येते. हाक सगळ्या दिशांना गोलाकार पसरत असेल, तर ती अंतराच्या वर्गाने उतरते. गोंगाट दहापट झाला की ऐकू येण्याची हद्द दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ पटीने, आक्रसून ३२ किलोमीटरवर येते. क्षेत्रफळ दहावा हिस्सा उरते. हाक वाहिनीत अडकून फक्त आडवी पसरत असेल, तर ती अंतराच्या प्रमाणातच उतरते. मग हद्द सरळ १० किलोमीटरवर येते आणि क्षेत्रफळ शंभरावा हिस्सा. ज्या रचनेमुळे हाक इतकी दूर जात होती, तीच गोंगाट वाढल्यावर सगळ्यात जास्त तोट्याची ठरते. प्रत्यक्ष समुद्रात खरा आकडा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतो. तळाचा उतार आणि ऋतू यांवर तो हलतो. त्यात भर म्हणजे विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात सात लाखांहून अधिक फिन व्हेल मारले गेले. ऐकणारे विरळ झाले त्याच काळात हाकेची पोच तुटली.

हाक झाकली गेल्याने प्राण्याला नेमके काय होते, हे दाखवणे अवघड, कारण प्रयोगासाठी जहाजे थांबवता येत नाहीत. एकदा मात्र ती आपोआप थांबल्यासारखी झाली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडीच्या उपसागरातली जहाजांची ये-जा एकदम रोडावली. योगायोगाने तिथे त्या वेळी दोन वेगळी कामे चालू होती. सुझन पार्क्स राइट व्हेल या जातीच्या देवमाशांचे आवाज ध्वनिमुद्रित करत होत्या. रोझलिंड रोलंड यांचा गट राइट व्हेलची विष्ठा गोळा करून तिच्यातली ताणाची संप्रेरके तपासत होता. वास घेऊन तरंगती विष्ठा शोधायला या कामात कुत्री वापरली गेली आहेत. गोंगाट ६ डेसिबलने उतरला होता, विशेषतः १५० हर्ट्झच्या खाली. आणि त्याच दिवसांत संप्रेरकांचे प्रमाणही खाली आले होते. पुढच्या चार वर्षांत सप्टेंबरच्या त्याच तारखांच्या आगेमागे अशी घट दिसली नाही, म्हणून ऋतुबदल हे कारण बाद झाले. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मर्यादा उघड आहे: ध्वनिमुद्रण मोजक्याच दिवसांचे आणि प्रसंग एकमेव.

देवमासे गप्प बसून सोसतात असेही नाही. राइट व्हेलची एकमेकांना साद घालण्याची चढत्या सुराची हाक १९५६ च्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिली, तेव्हा आजची हाक वरच्या पट्टीत सरकलेली आढळली. गोंगाट वाढला की ते हाकेचा जोरही वाढवतात. गर्दीत आपणही तेच करतो. पण पट्टी किती वर नेता येईल? २०२४ मध्ये कोएन एलेमन्स आणि सहकाऱ्यांनी किनाऱ्याला लागून मेलेल्या देवमाशांचे स्वरयंत्र प्रयोगशाळेत हवा सोडून वाजवून पाहिले. या प्राण्यांत इंग्रजी यू आकाराचा कूर्चेचा भाग चरबीच्या उशीवर दाबला जाऊन आवाज निघतो. फुप्फुसातली हवा बाहेर न सोडता तीच आत फिरवून वापरावी लागते, म्हणून फार खोलवर हाक मारता येत नाही. त्यांच्या प्रतिकृतीनुसार या पद्धतीने निघणारा आवाज वरच्या बाजूला साधारण ३०० हर्ट्झपर्यंतच जातो आणि खोली साधारण १०० मीटरपर्यंतच. वरचे १०० मीटर आणि ३०० हर्ट्झच्या खालचा पट्टा: जहाजांचा गोंगाट सर्वांत दाट असतो तो नेमका इथेच.