विक्रमगडचे गाव कोणत्या जिल्ह्यात? जनगणनेच्या ग्राम संकेतांकांची पार्श्वभूमी

2011च्या जनगणनेच्या यादीत विक्रमगड तालुक्यातील कोणतेही गाव शोधले, तर त्यापुढे ठाणे जिल्हा लिहिलेला आढळतो. आजच्या शासकीय यादीत तेच गाव पालघर जिल्ह्यात असते. दोन्ही नोंदी आपापल्या तारखेला बरोबर आहेत. जनगणनेपूर्वी प्रशासकीय सीमा गोठवल्या जातात आणि 2011च्या जनगणनेसाठी त्या 31 डिसेंबर 2009च्या स्थितीनुसार धरल्या होत्या. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी अस्तित्वात आला. वसई, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी आणि पालघर हे आठही तालुके त्यामुळे जनगणनेच्या ग्रंथांत ठाण्याखालीच राहिले.

विक्रमगडचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण तिथे बदल दोन टप्प्यांत झाला. हा तालुका 1999मध्ये निर्माण झाला. जव्हारमधून त्यात आलेल्या गावाचा पत्ता 1991च्या जनगणनेत जव्हार तालुका, ठाणे जिल्हा असा आहे. 2001 आणि 2011मध्ये विक्रमगड तालुका, ठाणे जिल्हा असा, तर आज विक्रमगड तालुका, पालघर जिल्हा असा आहे. गाव जागचे हललेले नाही. अशा वेळी नावावर विसंबून शोध घेतल्यास गोंधळ वाढतो, कारण एकाच नावाची गावे शेजारच्या तालुक्यांतही असतात, बुद्रुक आणि खुर्द यांची अदलाबदल होते आणि रोमन लिपीतील लेखन प्रत्येक यादीत थोडे वेगळे असते.

यावर तोडगा म्हणून संकेतांक आले, पण ते सुरुवातीला स्थिर नव्हते. जुन्या पद्धतीत गावाचा क्रमांक जिल्हा आणि तालुक्याच्या क्रमांकांच्या उतरंडीतला शेवटचा भाग असे, आणि तालुका फुटला की पुढच्या जनगणनेत सारेच बदलत असे. 2001मध्ये कायम स्थान संकेतांक आणून गावाला राज्यापुरता आठ अंकी क्रमांक देण्यात आला; शेवटचे दोन अंक बहुधा शून्य ठेवले होते, जेणेकरून पुढे गावाची विभागणी झाल्यास मध्ये जागा राहावी. 2011मध्ये त्याऐवजी सहा अंकी क्रमांक आले. हे क्रमांक देशभरात एकमेव असून त्यांत जिल्हा किंवा तालुका गुंफलेला नाही. महाराष्ट्राचा राज्य संकेतांक 27 आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा 517 हे वेगळ्या रकान्यांत असतात. म्हणूनच जिल्हा बदलला तरी गावाचा सहा अंकी क्रमांक तसाच राहू शकतो.

पडताळणीची रीत याच गुणावर उभी आहे. जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या ग्राम निर्देशिकेतून गावाचा 2011चा क्रमांक घ्यावा आणि केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत, म्हणजे `lgdirectory.gov.in` वर, नावाऐवजी त्या क्रमांकाने गाव शोधावे. 2011मध्ये अस्तित्वात असलेल्या गावांसाठी या निर्देशिकेने सर्वसाधारणपणे तोच क्रमांक स्वीकारला आहे. जिल्ह्यांचे क्रमांक मात्र तिचे स्वतःचे आहेत, त्यामुळे 517 हा अंक तिथे ठाणे म्हणून वाचू नये. विक्रमगडच्या गावासाठी क्रमांक जुळला, तालुका तोच निघाला आणि जिल्हा पालघर दिसला, तर फरक 2014च्या विभाजनाचा आहे हे उघड होते. तालुकाही वेगळा निघाला, तर आधी चुकीचे गाव हाती लागल्याची शंका घ्यावी. अशा वेळी यादीतील मागचीपुढची गावे पाहणे फार उपयोगी पडते. तालुक्यातील गावांना क्रमांक साधारणपणे वायव्येकडून आग्नेयेकडे नागमोडी क्रमाने दिलेले असल्याने लगतच्या क्रमांकांची गावे नकाशावरही बहुधा शेजारीच सापडतात.

गाव कोणत्या विकास गटात मोडते, हा प्रश्न महाराष्ट्रात तुलनेने सोपा आहे, कारण पंचायत समितीचा गट सहसा तालुक्याशी जुळतो. विकास गटांची सुरुवात 1952च्या सामूहिक विकास कार्यक्रमातून झाली आणि महसुली तहसिलांशी त्यांचे नाते सर्वत्र सारखे राहिले नाही. उत्तर प्रदेशात गट आणि तहसील यांच्या सीमा वेगळ्या असू शकतात. तालुका किंवा तहसिलीच्या पातळीच्या विभागाला जनगणनेत उपजिल्हा म्हणतात, आणि बिहारमध्ये हा उपजिल्हा म्हणजेच विकास गट असतो. म्हणून जनगणनेतील उपजिल्ह्याचे नाव थेट गट म्हणून लिहू नये. 2011च्या ग्राम निर्देशिकेत विकास गट आणि ग्रामपंचायतीचे स्वतंत्र रकाने आहेत, ते पाहावेत.

क्रमांक मुळीच सापडत नसेल, तर बहुतेकदा ते महसुली गाव नसून पाडा किंवा वाडी असते. संकेतांक महसुली गावाला मिळतो, अगदी ते निर्जन असले तरी. पाड्याला मिळत नाही. जव्हार-विक्रमगड भागात पाडे पुष्कळ असल्याने ही अडचण तिथे वारंवार येते. त्यावर सातबाऱ्याच्या माथ्यावरील गावाचे नाव हा सर्वांत सरळ दुवा आहे, कारण तिथे महसुली गावच लिहिलेले असते. 2011नंतर घोषित झालेल्या महसुली गावाचा क्रमांक जनगणनेच्या ग्रंथात नसणारच. तिथे आणि स्थानिक शासन निर्देशिकेतील नोंद अद्ययावत नसल्याचा संशय असेल तिथेही, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966च्या कलम 4खालील राजपत्रातील अधिसूचना आणि तिची अंमलबजावणीची तारीख हाच अंतिम आधार ठरतो.