स्ट्रीमिंग सेवा (संगीत)

सहसा वर्गणी चालू असेपर्यंत गाणी ऐकू देणारी सेवा. वर्गणीदार गाणे विकत घेत नाही. ते ऐकण्याची परवानगी घेतो. मोबाइलवर ‘डाउनलोड’ हा शब्द दिसत असल्यामुळे हा फरक सहसा लक्षात येत नाही.

सीडी विकत घेणाराही गाण्याचा मालक होत नसे. गाण्याचे हक्क कंपनीकडेच राहत. मालकी असे ती त्या एका प्रतीची. पण ती प्रत भाच्याला देता येई, जुन्या बाजारात विकता येई आणि दुकान बंद पडले तरी ती वाजतच राहे. विकत डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये यातले बरेच काही टिकले. ॲपलच्या आयट्यून्स स्टोअरने 2003 साली अमेरिकेत 99 सेंटला एक गाणे विकायला सुरुवात केली, तेव्हा फाइलला डिजिटल कुलूप होते. 2009 साली ते काढले गेले आणि नव्याने घेतलेली फाइल इतर कंपन्यांच्या प्लेअरवरही वाजवता येऊ लागली. अशी फाइल दुसऱ्याला विकण्याची मुभा मात्र दुकानाच्या अटी सहसा देत नाहीत.

स्पॉटिफायच्या सशुल्क योजनेत उतरवलेले गाणे वेगळे असते. चार मिनिटांचे गाणे 320 केबीपीएस दर्जाचे असले, तर सुमारे 9.6 एमबी जागा घेते. जागा आपल्या फोनची जाते, पण फाइल कुलूपबंद असते आणि किल्ली ॲपकडे असते. निदान 30 दिवसांतून एकदा फोन इंटरनेटला जोडावा लागतो; वर्गणी चालू असल्याची खात्री त्या वेळी होते. ती थांबली की उतरवलेली गाणी ऑफलाइन वाजत नाहीत. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पेन ड्राइव्ह: विकत घेतलेली एमपी3 फाइल त्यावर टाकून गाडीत वाजवता येते, ॲपमधले ‘डाउनलोड’ तसे वाजत नाही.

वर्गणी नियमित भरूनही गाणे जाऊ शकते, कारण सेवेकडेही बहुतेक गाणी कंपन्यांशी केलेल्या करारांवरच असतात. स्पॉटिफाय फेब्रुवारी 2019 मध्ये भारतात आली. सारेगामाशी करार जुळला नाही आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. एप्रिलमध्ये सारेगामाची गाणी सेवेवरून काढली गेली. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही; जुन्या हिंदी चित्रपटगीतांचा आणि मराठी भावगीतांचा मोठा साठा तिच्याकडेच. जून 2020 मध्ये करार झाल्यावर ती गाणी परतली. मधल्या काळात ज्याच्या कपाटात त्याच गाण्यांची कॅसेट होती, त्याला या भांडणाची झळ लागली नाही.

वर्गणीदाराने हौसेने जमवलेली प्लेलिस्ट ही नुसती नावांची यादी असते. त्यातल्या गाण्याचा करार संपला की नाव फिके पडते किंवा दिसेनासे होते. स्पॉटिफायवर वर्गणी थांबवली तरी यादी खात्यात राहते आणि फुकट योजनेत, जाहिरातींसह, तिच्यातली गाणी ऐकता येतात. दुसऱ्या सेवेकडे जाताना मात्र यादीच नेता येते, आणि तिथे त्यातली जेवढी गाणी सापडतील तेवढीच वाजतात.