रॅम्पचे गणित: दिसणाऱ्या उतारापेक्षा जमिनीखालचा खर्च मोठा

घराच्या किंवा अंगणवाडीच्या दारासमोर रॅम्प बांधायचा म्हटले की, मिस्त्री डोळ्यांनीच अंदाज बांधतो आणि एक ट्रॉली रेती, एक ट्रॉली गिट्टी, दीड-दोन हजार विटा असा हिशेब तोंडी सांगतो. वास्तविक उतार, लांबी आणि रुंदी एवढे तीनच आकडे हाती असले, तर जमिनीवर दिसणाऱ्या सगळ्या बांधकामाचे घनफळ कागदावर अचूक काढता येते. अडचण येते ती जमिनीखाली, आणि विदर्भातील काळ्या मातीत तर तीच मुख्य गोष्ट असते.

उदाहरणादाखल एक साधे घर घेऊ. त्याचे जोते अंगणापासून ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट उंच आहे. ही उंची फरशी बसल्यानंतरची धरावी, कारण फरशी व तिच्याखालचा मसाला मिळून सहज चार-पाच सेंटीमीटर वाढतात आणि नंतर शेवटची पायरी इतरांपेक्षा उंच होऊन बसते. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा, असा दंडक आहे. म्हणजे एक हात चढायला बारा हात लांबी लागते. ४५ सेंटीमीटरला बाराने गुणले की ५.४० मीटर लांबी येते. भिंतींच्या आतली मोकळी रुंदी १.२० मीटर ठेवू. आडवी लांबी धरायची की तिरपी, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. पण इतक्या सौम्य उतारावर तिरपी लांबी ५.४२ मीटर भरते, म्हणजे फरक केवळ दोन सेंटीमीटरचा. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

बाजूने पाहिले तर रॅम्प हा काटकोन त्रिकोण आहे, म्हणून त्याच्या एका बाजूचे क्षेत्रफळ लांबी आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे, १.२१५ चौरस मीटर येते. उंची वाढली की लांबीही त्याच प्रमाणात वाढत असल्याने हे क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाने वाढते. जोते ४५ ऐवजी ६० सेंटीमीटर असेल, तर लांबी ७.२० मीटर होते आणि त्रिकोणाचे क्षेत्रफळ २.१६ चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडे अधिक. उंच जोत्याच्या घरमालकाने रॅम्पचा खर्च ऐकून दचकू नये, यासाठी हे आधीच सांगितलेले बरे.

दोन्ही कडेच्या भिंती नऊ इंची, म्हणजे २३ सेंटीमीटर जाडीच्या घेऊ आणि चाक घसरून खाली जाऊ नये म्हणून त्या रॅम्पच्या पृष्ठभागाच्या वर १० सेंटीमीटर नेऊ. त्रिकोणात ही पट्टी मिळवली की एका भिंतीचे क्षेत्रफळ १.७५५ चौरस मीटर आणि दोन्ही भिंतींचे वीटकाम सुमारे ०.८१ घनमीटर होते. आता पायाकडे वळू. ५० सेंटीमीटर खोल चर खणला, त्यात ४५ सेंटीमीटर रुंद व १० सेंटीमीटर जाड काँक्रीट टाकले आणि त्यावर ३५ सेंटीमीटर जाडीची वीट ४० सेंटीमीटर उंच बांधली, तर दोन्ही भिंतींच्या पायाचे वीटकाम १.५१ घनमीटर भरते. वर दिसणाऱ्या भिंतींच्या जवळजवळ दुप्पट वीट मातीत जाते, ती यामुळे की वरची भिंत निमुळती होत जाते, पण तिचा पाया मात्र टोकापर्यंत सारख्याच खोलीने जातो. ‘रॅम्प म्हणजे निम्मे’ हा सोयीचा नियम जमिनीच्या पातळीलाच संपतो.

शेजारच्या पायऱ्या सोप्या आहेत. ४५ सेंटीमीटरचे १५-१५ चे तीन चढ पडतात, परंतु तिसरा चढ थेट ओट्यावर नेतो, म्हणून बांधायच्या पायऱ्या दोनच. ३० सेंटीमीटर पाऊलजागेच्या आणि १.५० मीटर रुंदीच्या या भरीव पायऱ्यांत एक अधिक दोन असे तीन ठोकळे बसतात, त्यांचे घनफळ ०.२० घनमीटर, आणि खालच्या ४० सेंटीमीटर पायाचे आणखी ०.३६ घनमीटर. सर्व मिळून वीटकाम २.८८ घनमीटर झाले. गावच्या भट्टीची वीट मोजली आणि ती २२ × १०.५ × ७ सेंटीमीटर भरली, तर प्रत्येक मापात एक सेंटीमीटर मसाला धरून घनमीटरला सुमारे ४७३ विटा लागतात. तुटफुटीचे पाच टक्के मिळवून १,४३० विटा मागवाव्यात. भट्टीगणिक माप बदलते, म्हणून ही मोजणी स्वतः करावी.

मधल्या पोकळीत मुरूम आणि त्यावर १० सेंटीमीटर जाड १:२:४ काँक्रीट येते. हे काँक्रीट ०.६५ घनमीटर होते. खालच्या टोकाला मात्र लक्ष द्यावे लागते. रॅम्पची उंची शेवटच्या १.२० मीटरमध्ये १० सेंटीमीटरपेक्षा कमी असते, त्यामुळे तेवढ्या भागात जमीन खणून काँक्रीट आत बसवावे लागते. तसे न करता ते पातळ करत शून्यावर नेले, तर पहिल्याच बैलगाडीच्या किंवा मोटरसायकलच्या चाकाने त्याचा कपचा उडतो. टोकाला ३० सेंटीमीटर रुंद व २० सेंटीमीटर खोल असा आडवा काँक्रीटचा ओठ दिला, तर फक्त ०.०७ घनमीटर माल जास्त लागतो. दोन्ही मिळून सिमेंटची पाच पोती पुरतात. पायाचे १:४:८ काँक्रीट आणि विटांचा १:६ मसाला धरून, प्लास्टर वगळता, एकूण अकरा पोती घ्यावीत.

मुरमाचा हिशेब वरवर पाहता किरकोळ वाटतो: काँक्रीटखाली उरलेली पाचर भरायला ठोकून बसवलेला ०.८८ घनमीटर मुरूम पुरे. परंतु वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर थेट भराव टाकला तर काँक्रीट मध्यभागी उचलले जाऊन लांबीच्या दिशेने तडकते. म्हणून भिंतींमधली माती किमान ३० सेंटीमीटर काढून तिथे मुरूम भरावा लागतो, आणि तो १.९४ घनमीटर असतो. वरची पाचर आणि हा मुरूम मिळून, ठोकल्यावर तो दबतो हे लक्षात घेऊन पाव हिस्सा जादा धरला की सुमारे सव्वा ब्रास होतो. माती काढायचे विसरून केलेल्या अंदाजात तो अर्धा ब्रासही भरत नाही.

चरात ५० सेंटीमीटरवर मुरूम लागला नाही आणि ९० सेंटीमीटर खोल जावे लागले, तर रॅम्पच्या पायाचे वीटकाम दुप्पट होते आणि सातशेच्या वर विटा वाढतात. वर दिसणारा उतार तसूभरही बदललेला नसतो. म्हणूनच विटांची गाडी सांगण्याआधी एका कोपऱ्यात खड्डा खणून पाहणे शहाणपणाचे. रॅम्प घराच्या जोत्याला कधीही चिकटवू नये, कारण नवा पाया जुन्यापेक्षा वेगळा बसतो. दोहोंत सुमारे १२ मिलिमीटर फट ठेवून ती डांबराने भरावी.

उतार बरोबर झाला की नाही, हे पाहायला १२० सेंटीमीटर लांबीची सरळ पट्टी घ्यावी, तिच्या खालच्या टोकाखाली १० सेंटीमीटरचा ठोकळा ठेवावा आणि वर स्पिरिट लेव्हल ठेवावी. बुडबुडा मधोमध आला, तर चढ १:१२ आहे. ठोकळा ठेवूनही खालचे टोक झुकलेले राहिले, तर चढ जास्त आहे. हे काँक्रीट ओले असतानाच तपासावे, आणि त्याच वेळी खराट्याने आडव्या रेघा ओढाव्यात म्हणजे पावसात चाक घसरत नाही. राहिली पाणी मारण्याची गोष्ट. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवता येते, तसे उतारावर ठरत नाही. तेव्हा गोणपाट, आणि भंडारा-गोंदियाकडे तणस, अंथरून ते किमान सात दिवस ओले ठेवावे. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसातून दोनदा मारलेले पाणी पुरत नाही, दुपारी गोणपाट हाताला कोरडे लागले तर पुन्हा मारावे लागते.