बनावट ग्राहकसेवा खाती

समाजमाध्यमांवर एखाद्या कंपनीविरुद्ध जाहीर तक्रार करणाऱ्या ग्राहकाला त्याच कंपनीच्या मदत विभागाच्या नावाने उत्तर देऊन खासगी चॅटमध्ये नेणारी आणि तिथे फसवणारी खाती. सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात या प्रकाराला ‘अँग्लर फिशिंग’ असे नाव आहे. एरवीच्या फिशिंगमध्ये ठगाला हजारो लोकांना एकच मजकूर पाठवून कोण गळाला लागतो याची वाट बघावी लागते. इथे सावजच आपली सगळी माहिती चव्हाट्यावर मांडून बसलेले असते. कंपनी कोणती, पैसे कशाचे अडकलेत, किती दिवस झाले, आणि आपण किती टेकीला आलो आहोत, हे सगळे त्या एका पोस्टमध्ये असते. बँका, विमान कंपन्या आणि क्रिप्टो वॉलेट यांच्या ग्राहकांना हा त्रास विशेष होतो, कारण तिथे तक्रारीच्या मुळाशी बहुधा पैसाच असतो.

सावज हेरण्याचे काम पुष्कळदा माणूस करतच नाही. कंपनीचे नाव आणि ‘मदत’, ‘परतावा’, ‘खाते बंद’ असे शब्द एकत्र आले की बॉट लगेच उत्तर टाकतो. २०२१च्या सुमारास ट्विटरवर मेटामास्क किंवा ट्रस्ट वॉलेट या क्रिप्टो वॉलेटांचे नाव घेऊन मदत मागितली, की काही सेकंदांत अशी उत्तरे येऊन पडत. ‘आमच्या सपोर्ट टीमने माझा प्रश्न सोडवला, तुम्हीही हा फॉर्म भरा’ असा त्यांचा सूर असे, आणि फॉर्ममध्ये वॉलेटचे रिकव्हरी शब्द मागितलेले असत. हे १२ किंवा २४ शब्द ज्याच्या हाती लागले, वॉलेट त्याचे झाले. तिथे पासवर्ड बदलून काही उपयोग नसतो, आणि गेलेले पैसे मागे फिरवणारी मध्यस्थ संस्थाही नसते.

खाते उभे करायला फारसे कौशल्य लागत नाही. बहुतेक माध्यमांवर दोन नावे असतात. ठळक अक्षरांतले दर्शनी नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. त्याखालचे @ ने सुरू होणारे हँडल मात्र एका वेळी एकाच खात्याला मिळते. ठग दर्शनी नाव आणि लोगो जसाच्या तसा उचलतात आणि हँडलमध्ये मागे _help किंवा _care जोडतात, नाहीतर एखादे अक्षर बदलतात. मोठा I आणि लहान l पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसत असल्याने डोळे फाडून पाहिले तरी फरक कळत नाही. एके काळी निळ्या टिकवरून खरे-खोटे कळायचे. नोव्हेंबर २०२२पासून ट्विटरने ती पैसे भरणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली आणि तो आधार गेला. संस्थांसाठी वेगळी सोनेरी टिक आली खरी, पण निळी टिक म्हणजे खात्री ही जुनी सवय लोकांच्या डोक्यातून इतक्या लवकर जात नाही.

प्रत्यक्ष फसवणूक कशी होते हे विमान तिकिटाच्या उदाहरणावरून नीट समजते. समजा, रद्द झालेल्या विमानाचा परतावा तीन आठवडे मिळालेला नाही, म्हणून एका प्रवाशाने कंपनीला टॅग करून रात्री पोस्ट टाकली. दोन मिनिटांत उत्तर येते : ‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. कृपया आम्हाला फॉलो करून डीएममध्ये आपला संपर्क क्रमांक कळवा.’ डीएममध्ये आडनाव आणि बुकिंग क्रमांक मागतात. यात त्याला वावगे काही वाटत नाही, कारण खरी कंपनीही हेच विचारते. पण अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर एवढ्या दोन गोष्टींवर बुकिंग उघडता येते. त्यामुळे पुढच्या फोनवर ठग विमानाची तारीख, सहप्रवाशांची नावे अशी माहिती स्वतःहून वाचून दाखवतो, आणि उरलीसुरली शंका तिथेच मावळते.

हा फोन व्हॉट्सॲपवरून येतो. ‘परतावा विभागा’तला माणूस अदबीने बोलतो आणि पैसे थेट खात्यात जमा होतील असे सांगून एक पैसे पाठवण्याचे ॲप घ्यायला लावतो. ॲप खरे असते, त्यामुळे फोनमधली सुरक्षा यंत्रणा कसलाही इशारा देत नाही. मग तो म्हणतो, ‘आता तुमचा परतावा कोड टाका, ४८७२०.’ ज्या चौकटीत हा आकडा टाकायचा, ती रकमेची चौकट असते. पाठोपाठ येणारा ओटीपी ‘पडताळणीसाठी’ किंवा ‘चुकीचा व्यवहार रद्द करण्यासाठी’ म्हणून भरून घेतला जातो. प्रवासी गोंधळलाच, तर एनीडेस्कसारखे ॲप घ्यायला लावून त्याचा पडदा बघत पुढची बटणे दाबवून घेतात.

या सगळ्यात खासगी चॅटचे काम काय, हे पाहण्यासारखे आहे. उघड्या चर्चेत कोणीतरी ‘हे खाते खोटे आहे’ असे लिहून जाईल, कदाचित खरी कंपनीच उत्तर देईल. बंद चॅटमध्ये तिसरा माणूस नसतो. आणि तिकडे वळण्याची सवय ग्राहकांना खऱ्या कंपन्यांनीच लावलेली आहे. वैयक्तिक माहिती चारचौघांत लिहू नये म्हणून त्याही डीएमला बोलावतात. म्हणूनच ‘डीएमला बोलावले तर ओळखा की खोटे’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला फारसा कामाचा नाही.

फरक कळतो तो पुढच्या पावलावर. खरी कंपनी व्हॉट्सॲपवर कोणत्यातरी वैयक्तिक क्रमांकावर पाठवत नाही, परतावा देण्यासाठी नवे ॲप घ्यायला लावत नाही, आणि पैसे द्यायचे असताना ग्राहकाचा ओटीपी किंवा पिन मागत नाही. उत्तर देणाऱ्या खात्याची जुनी उत्तरे उघडून पाहणे हीदेखील चांगली कसोटी आहे. बनावट खाते बहुधा नुकतेच उघडलेले असते आणि त्यावर त्याच एका साच्यातली उत्तरे अनोळखी लोकांना दिलेली दिसतात. सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे आलेल्या उत्तराला उत्तर न देता, कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये जाऊन तिथल्या दुव्यावरून खऱ्या खात्याशी चॅट आपण सुरू करणे. संकेतस्थळाचा पत्ताही स्वतः टाईप केलेला बरा. शोधयंत्रात ग्राहकसेवेचा क्रमांक शोधला तर तिथेही खोटे क्रमांक पेरलेले सापडतात.

कंपन्यांवर याचे खापर फोडले जाते आणि ते काही अंशी रास्तही आहे. खरे उत्तर दोन दिवसांनी आणि खोटे दोन मिनिटांत आले, तर माणूस कोणाकडे वळणार? मात्र ग्राहकाच्या पोस्टखाली पडलेले बनावट उत्तर काढून टाकण्याचा अधिकार कंपनीकडे नसतो. एक्सवर उत्तर लपवणे हे मूळ पोस्ट टाकणाऱ्याच्याच हाती असते. कंपनी माध्यमाकडे खात्याची तक्रार करू शकते, पण एक खाते बंद होईपर्यंत दुसरे तयार असते.

पैसे गेल्यावर बँकेपुढे वेगळाच पेच उभा राहतो. रक्कम आणि ओटीपी ग्राहकानेच भरलेले असल्याने व्यवहार त्याच्या संमतीने झाल्यासारखा दिसतो, आणि भरपाई मिळेल की नाही हे त्या त्या देशाच्या नियमांवर ठरते. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी बँकेला आणि ज्या ॲपमधून ते गेले त्या कंपनीला फोन झाला, तरच ते गोठवले जाण्याची काही आशा असते. पण पुष्कळ जण आधी संतापाने समाजमाध्यमावर लिहितात की आपण फसलो. त्या पोस्टखाली ‘माझे बुडालेले पैसे अमुक तज्ज्ञाने मिळवून दिले, त्यांना मेसेज करा’ अशी उत्तरे येऊ लागतात. हे ‘तज्ज्ञ’ही ठगच असतात. पैसे सोडवून देण्याची फी ते आगाऊ घेतात.