इंटर्नशिप रिपोर्ट (छोट्या प्रोजेक्टवरचा)

इंटर्नशिप रिपोर्ट म्हणजे विद्यार्थ्याने कंपनीत राहून जे एखादं खरं काम केलं त्याचा लेखी हिशोब, काय प्रश्न होता, काय मोजलं, काय बदललं, बदलल्यावर परत काय मोजलं आणि त्यातून नक्की किती सिद्ध होतं. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगला हा कंपल्सरी असतो, एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात रोजची डायरी आणि शेवटी रिपोर्ट अशी दोन्हीची अपेक्षा आहे, आणि त्यावर कॉलेजात व्हायवा होते. प्रत्यक्षात बऱ्याच रिपोर्टमध्ये पहिली पंधरा पानं कंपनीच्या वेबसाइटवरून आलेली असतात, मग मशीनचे फोटो, आणि शेवटी टीमवर्क शिकलो म्हणून एक परिच्छेद. हा प्रकार इथे बाजूला ठेवू. छोटं का असेना पण एक खरं काम घेऊन लिहिलेला रिपोर्ट कसा असतो ते एका उदाहरणावरून बघू, कारण नुसती प्रकरणांची नावं सांगून ते समजत नाही.

उदाहरण : कॉम्प्रेस्ड एअरचं लीकेज

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये सहा-आठ आठवडे आलेल्या मेकॅनिकलच्या मुलाला देण्यासारखा हा प्रोजेक्ट आहे, कारण खर्च जवळपास नाही, प्रॉडक्शन थांबवावं लागत नाही आणि निकाल आकड्यात मिळतो. शॉपमध्ये हवा सगळीकडे लागते, सीएनसीच्या चकला, न्यूमॅटिक सिलेंडरला, चिप्स उडवायच्या एअर गनला. आणि ती गळतेही सगळीकडून, हवा गाळणाऱ्या एफआरएलच्या बाउलमधून, पुश फिटिंगमधून, जुन्या पीयू ट्यूबमधून, नीट बंद न होणाऱ्या ड्रेन व्हॉल्व्हमधून. हवा सांडलेली दिसत नाही म्हणून कोणी फार मनावर घेत नाही, पण ७ बारच्या लाइनला ३ मिलीमीटरचं एक भोक असेल तर त्यातून मिनिटाला साधारण अर्धा घनमीटर हवा जाते, आणि ती कॉम्प्रेस करायला तीनेक किलोवॅट वीज लागते.

मोजायची पद्धत सोपी आहे, ऊर्जा दक्षता ब्युरोच्या एनर्जी ऑडिटरच्या अभ्यासात पण हीच शिकवतात. सगळी मशीन बंद असताना, म्हणजे पिंपरी-चिंचवडकडे गुरुवारच्या सुट्टीला, फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. हवा वापरणारं कोणी नाही, तरीही प्रेशर उतरतं आणि कॉम्प्रेसर परत लोड घेतो म्हणजे हवा भरायला लागतो, याचा अर्थ तेवढी हवा गळतेय. लोडवर किती सेकंद आणि अनलोडवर, म्हणजे हवा न भरता, किती सेकंद हे स्टॉपवॉचने घ्यायचं, निदान पाच-सहा सायकल, आणि सरासरी काढायची. लोडची वेळ भागिले लोड आणि अनलोड या दोन्ही वेळांची बेरीज, हे झालं लीकेजचं प्रमाण. एक गोष्ट मात्र रिपोर्टमध्ये लिहिलीच पाहिजे, ती म्हणजे मशीनकडे जाणारे हवेचे व्हॉल्व्ह त्या वेळी उघडे होते की बंद. बंद असतील तर फक्त मेन लाइनचं लीकेज मोजलं जातं आणि मशीनच्या आतलं, जे बहुतेक वेळा जास्त असतं, ते राहूनच जातं.

आता नमुन्यादाखल आकडे घेऊ. कॉम्प्रेसर २२ किलोवॅटचा स्क्रू, नेमप्लेटवर मिनिटाला ३.५ घनमीटर हवा, ६ बारला लोड घेतो आणि ७ बारला सोडतो. दुरुस्तीआधी सरासरी लोड २४ सेकंद, अनलोड ५६ सेकंद. २४ भागिले ८० म्हणजे ३० टक्के, म्हणजे मिनिटाला १.०५ घनमीटर हवा नुसतीच जातेय. मग साबणाचं पाणी लावून लीक शोधले, प्रत्येक ठिकाणी नंबरचा टॅग बांधला, फिटरने फिटिंग बदलल्या, आणि पुन्हा सुट्टीच्या दिवशी त्याच सेटिंगला, तेच व्हॉल्व्ह उघडे ठेवून मोजलं तर लोड १९, अनलोड १४० सेकंद. १९ भागिले १५९, १२ टक्के, मिनिटाला ०.४२ घनमीटर.

पुरावा म्हणजे काय

इथे बरेच जण परिशिष्टात दहा फोटो टाकतात आणि पुरावा झाला समजतात. फोटोने लीक होता हे दिसतं, किती होता ते दिसत नाही. खरा पुरावा म्हणजे कच्ची रीडिंग, प्रत्येक सायकलची, तारीख-वेळेसकट, लोड-अनलोडचं प्रेशर लिहिलेली आणि त्या दिवशी हजर असलेल्या सुपरवायझरची सही असलेली शीट. ती फेअर करून टाईप करावी पण मूळ हाताने लिहिलेल्या पानाचा स्कॅन सोबत हवाच, खाडाखोड असली तरी चालते.

आणि या टेस्टची एक सुंदर गोष्ट आहे जी मला वाटतं प्रत्येक गाइडने माहीत करून घ्यावी. अनलोडच्या वेळात प्रेशर ७ वरून ६ वर येतं, म्हणजे टाकी आणि पाइपलाइनमधली ठरावीक हवाच बाहेर गेलेली असते, आणि ती हवा दोन्ही वेळेला सारखीच भरली पाहिजे कारण टाकी बदललेली नाही. आधीची रीडिंग घ्या, मिनिटाला १.०५ घनमीटर गुणिले ५६ सेकंद, येतात ०.९८ घनमीटर. नंतरची घ्या, ०.४२ गुणिले १४० सेकंद, परत ०.९८. एक बारच्या फरकाला जवळपास एक घनमीटर, म्हणजे टाकी आणि पाइप मिळून हजार लिटरच्या आसपास, टाकीच्या प्लेटवर जाऊन बघता येतं. आता समजा कोणी घरी बसून आकडे भरले आणि १२ टक्के यावेत म्हणून ३० आणि २२० लिहिले. टक्केवारी बरोबर येते, पण गुणाकार केला की १.५४ घनमीटर निघतात, आणि दुरुस्तीने टाकी दीडपट मोठी होत नाही. प्रेशर सेटिंग मधल्या काळात कोणी बदललं असेल तरी हीच विसंगती दिसते, म्हणून लगेच चोरी पकडली असं न समजता आधी सेटिंग विचारावी. विद्यार्थ्याने हा ताळा स्वतःच रिपोर्टमध्ये करून दाखवला तर वाचणाऱ्याला विश्वास ठेवा म्हणून सांगायची गरजच राहत नाही.

बचतीचा आकडा

रिपोर्ट जास्तीत जास्त इथे फुगतात, आणि मुद्दाम नाही तर गणिताच्या सवयीने. सोपा हिशोब असा की लोडवर कॉम्प्रेसर समजा २४ किलोवॅट घेतो आणि ३.५ घनमीटर देतो, तर वाचलेल्या ०.६३ घनमीटरला ४.३ किलोवॅट. वर्षाला २,४०० तास आणि युनिटला ९ रुपये धरले तर साधारण ९३ हजार रुपये. छान दिसतं. पण हा लोड-अनलोडचा कॉम्प्रेसर आहे, अनलोडवर गेला तरी मोटर फिरतच राहते आणि वीज खातेच, क्लॅम्प मीटर किंवा पॉवर मीटर लावला की ते दिसतं. समजा अनलोडला ८ किलोवॅट आले. मग लोडची वेळ ३० टक्क्यांवरून १२ वर आली म्हणजे १८ टक्के वेळ २४ ऐवजी ८ किलोवॅट लागले, वाचले साधारण २.९ किलोवॅट, वर्षाला ६२ हजार रुपये. दोन्ही आकडे त्याच रीडिंगवरून आले, फरक फक्त मोटर अनलोडवर काय करते हे जाऊन बघितलं की नाही याचा. मेंटेनन्स मॅनेजरला हा फरक माहीत असतो, त्यामुळे ९३ हजार वाचून तो पुढचं पान किती गंभीरपणे वाचेल हा प्रश्नच आहे.

शिवाय ६२ हजार हा सुद्धा अंदाजच आहे. सुट्टीच्या दिवशीचं लीकेज आणि शिफ्ट चालू असतानाचं लीकेज सारखं धरलंय, आणि दुरुस्त केलेल्या फिटिंग वर्षभर टिकतील असंही धरलंय. ३.५ घनमीटर हा नेमप्लेटचा आकडा आहे, जुना कॉम्प्रेसर तेवढी हवा देत नसतो, तरी टक्केवारी आणि किलोवॅटची बचत त्याने बदलत नाही, फक्त घनमीटर बदलतात. ही गृहीतकं आकड्याच्या शेजारीच लिहायची, तीस पानांनंतर नाही.

रचना

रचनेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कॉलेजचा फॉरमॅट ठरलेला असतो, सर्टिफिकेट, आभार, सारांश, अनुक्रमणिका. कंपनीची माहिती एका पानात संपवावी आणि त्यातही कॉम्प्रेसर रूम आणि हवेच्या लाइनचं हाताने काढलेलं चित्र असलं तर ते पुढे कामाला येतं. सारांशात निकालाचा आकडा हवा, ३० वरून १२ टक्के, नुसतं लीकेज कमी झालं असं नको. ग्राहकाचं नाव, पार्टचं ड्रॉइंग, रेट यातलं काही छापायचं असेल तर कंपनीची लेखी परवानगी घ्यावी, आणि नसेल मिळत तर गाळावं, या प्रोजेक्टला त्याची तशीही गरज नाही.

आत्मपरीक्षणाचा भाग

बहुतेक ठिकाणी याला लर्निंग आउटकम म्हणतात आणि तिथे कम्युनिकेशन स्किल, टाइम मॅनेजमेंट वगैरे येतं, जे कुठल्याही कंपनीतल्या कुठल्याही मुलाच्या रिपोर्टला चिकटवता येईल. प्रामाणिक लिखाण कामाला बांधलेलं असतं. वरच्याच प्रोजेक्टमध्ये तीन गोष्टी लिहिण्यासारख्या आहेत. एक, कोणी काय केलं. लीक शोधून टॅग लावणं आणि मोजणं विद्यार्थ्याचं, फिटिंग बदलणं फिटरचं, आणि कुठले लीक आधी घ्यायचे ते मेंटेनन्सच्या साहेबांनी ठरवलं, हे असंच लिहावं, सगळीकडे आम्ही आम्ही केलं की व्हायवात पहिल्या प्रश्नाला पंचाईत होते. दोन, काय राहिलं. उरलेले १२ टक्के कुठे आहेत? काही लीक मशीनच्या कव्हरच्या आत असतात, ते उघडायला प्रॉडक्शनची परवानगी मिळत नाही, काही उंचावरच्या हेडरला असतात जिथे साबणाचं पाणी घेऊन जाता येत नाही आणि अल्ट्रासॉनिक डिटेक्टर लागतो. टॅग नंबर देऊन तशी यादी द्यावी. तीन, कुठला समज चुकीचा निघाला. उदाहरणार्थ सुरुवातीला आवाज येतो तिथेच लीक शोधले जातात, आणि मग साबण लावल्यावर कळतं की ज्यांचा आवाज शॉपच्या गोंगाटात अजिबात ऐकू येत नाही अशा बारीक फिटिंग संख्येने कितीतरी जास्त आहेत. हे वाक्य फक्त ज्याने काम केलं तोच लिहू शकतो.

निकाल कमी आला तर काय, हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. समजा ३० वरून २७ टक्केच झालं. सायकलमधली वेळ प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदांनी हलत असेल तर २४ च्या जागी २१ सेकंद धरले तरी टक्केवारी २७ वर येते, म्हणजे हा फरक मोजण्याच्या चुकीतच बसतो आणि सुधारणा झाली असं म्हणता येत नाही. तसं सरळ लिहावं, सोबत कुठले टॅग बंद झाले आणि कुठले राहिले ते द्यावं. असा रिपोर्ट नापास व्हायचं काही कारण नाही, आणि कंपनीला पुढच्या गुरुवारी कुठून सुरुवात करायची ते त्या यादीतून कळतं.